उत्सव रद्द करण्याची सूचना आणि वर्गणीचा हिशेब

सार्वजनिक उत्सव रद्द किंवा मर्यादित केल्याची सूचना सहसा अर्ध्या पानाची असते आणि ती घाईत लिहिली जाते. ‘अपरिहार्य कारणास्तव यंदाचा उत्सव रद्द करण्यात आला आहे, भाविकांनी सहकार्य करावे’ एवढ्या दोन वाक्यांत अनेक मंडळे विषय संपवतात. गोव्यातील गणेशोत्सव मंडळांचा अनुभव पाहता वाद त्यानंतर सुरू होतो. वर्गणीदार विचारतो, पैशांचे काय? मंडपवाला उरलेली रक्कम मागतो. ज्याने देणगी कुपन घेतले, त्याला सोडतीच्या तारखेची चिंता असते. या तिघांचेही उत्तर त्या अर्ध्या पानात असायला हवे. किंबहुना सूचनेत कारण कोणत्या शब्दांत दिले आहे, यावर पैशांचा भार कोणावर पडतो हे बरेचसे ठरते.

गोव्यात उत्सव आणि पाऊस यांचे वैर नाही. सांजांव, माशेलचा चिखलकाला, वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह, दिवाडीचा बोंदेरा हे सगळे पावसाळ्यातलेच. चवथही बहुधा पावसातच येते. त्यामुळे ‘पावसामुळे रद्द’ हे कारण येथील वाचकाला पटत नाही आणि पटूही नये. रोगराईचा संबंध तर याहून गुंतागुंतीचा आहे. वास्कोचा सप्ताह सुरूच झाला तो साथीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली, तेव्हा ग्रामस्थांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, तेथून प्रसादाचा नारळ आणला आणि श्रावण शुद्ध सप्तमीला अखंड भजन मांडले, अशी परंपरा सांगितली जाते. ज्या समाजाने साथीच्या काळात उत्सव सुरू केला, त्याला साथीच्या काळात उत्सव थांबवण्यास सांगताना कारण नेमके सांगावे लागते.

कारण नेमके सांगणे म्हणजे काय?

पावसाच्या बाबतीत हवामान खात्याची परिभाषा उपयोगी पडते. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत ‘अतिजोरदार’ आणि त्याहून अधिक म्हणजे ‘अत्यंत जोरदार’ अशी तिची वर्गवारी आहे. पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे पावसाच्या आकड्यापेक्षा त्यावर करायच्या कृतीशी जोडलेले असतात. पिवळ्यात लक्ष ठेवायचे, नारिंगीत तयारीत राहायचे, लालमध्ये कृती करायची. हे इशारे रोज सुधारले जातात. म्हणून आठवडाभर आधीच्या अंदाजावर अकरा दिवसांचा उत्सव रद्द करणे हा उतावीळपणा ठरतो. पावसामुळे सहसा एखादा कार्यक्रम, मिरवणूक किंवा फार तर दोन-तीन दिवस जातात. अशा वेळी ‘उत्सव रद्द’ असे न लिहिता ‘अमुक दिवशीचे कार्यक्रम रद्द, पूजा व आरती नेहमीप्रमाणे’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक असते. मंडपात पाणी शिरले, विजेच्या तारा ओल्या झाल्या, विसर्जनाच्या घाटावर नदीचे पाणी चढले, साखळी-डिचोलीकडे वाळवंटीच्या पुरात होते तशी रस्त्याची वाट बंद झाली, तर तीच खरी कारणे होत आणि सूचनेत तीच लिहावीत.

साथीचे तसे नाही. तिची मुदत आधी सांगता येत नाही आणि धोका गर्दीचाच असतो. २०२० साली याचे सर्व प्रकार पाहायला मिळाले. शिरगावच्या लईराईची जत्रा त्या वर्षी टाळेबंदीत अडकली. आषाढी वारीच्या पालख्या पायी न जाता पादुका एस.टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. २२ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीला मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापनाच केली नाही आणि त्याऐवजी रक्तदान व प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ भरवला. वडाळ्याच्या जी.एस.बी. मंडळाने उत्सव माघ शुद्ध चतुर्थीपर्यंत पुढे ढकलण्याचा निर्णय जाहीर केला. गोव्यातील अनेक मंडळांनी अकरा-अकरा दिवसांचा उत्सव दीड दिवसावर आणला. बंद, पर्यायी उपक्रम, लांबणीवर आणि आखडता असे हे चार वेगळे निर्णय आहेत. चारही ठिकाणी वर्गणीचा हिशेब वेगळा होतो. सूचनेतील क्रियापद म्हणूनच जपून निवडावे लागते. ‘पुढे ढकलला’ असे लिहिले, तर वर्गणी त्याच कामासाठी राखून ठेवली आहे असा अर्थ होतो. ‘रद्द केला’ असे लिहिले, तर परत मागण्याला वाट मोकळी होते.

देवस्थानांच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. गोव्यातील बहुतेक जुनी देवस्थाने पोर्तुगीज काळातील १९३३च्या माझानी नियमनाखाली चालतात. तेथील निर्णय महाजनांच्या समितीचा असतो आणि प्रशासक म्हणून मामलेदाराचा अधिकार असतो. तेथे नित्य व नैमित्तिक पूजाविधी थांबवण्याचा प्रश्न सहसा येत नाही, थांबते ती फेरी आणि गर्दी. याउलट सार्वजनिक मंडळ ही बहुधा संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था असते आणि तिचा निर्णय कार्यकारी समितीच्या ठरावाने होतो. तो ठराव झाला नसेल, तर अध्यक्षांच्या सहीची सूचना उद्या सर्वसाधारण सभेत टिकत नाही. म्हणून ठरावाची तारीख सूचनेत असावी.

एकाच पेटीतले चार प्रकारचे पैसे

मंडळाच्या खात्यात पैसे एकत्र जमतात, पण ते एकाच स्वरूपाचे नसतात. घरोघरची वर्गणी आणि आश्रयदात्यांची देणगी हे दान आहे. दिलेले दान सामान्यतः परत मागण्याचा हक्क राहत नाही, पण ते ठरावीक उत्सवासाठी घेतलेले असल्याने उत्सवच झाला नाही, तर ते इतरत्र वळवण्याचा अधिकार समितीला आपोआप मिळत नाही. स्मरणिकेतील जाहिरातीचे पैसे दान नव्हेत. ती सेवेची किंमत आहे. स्मरणिका छापलीच नाही, तर ती रक्कम पूर्ण परत करावी लागते. देणगी कुपनांचे पैसे सोडतीसाठी घेतलेले असतात. मोटारगाडी-दुचाकीची बक्षिसे जाहीर करून विकलेल्या कुपनांची सोडत उत्सवावर अवलंबून नसते, म्हणून ती ठरल्या दिवशी व्हायला हवी. तारीख बदलावी लागली, तर सोडतीला मिळालेल्या परवानगीतही बदल करून घ्यावा आणि नवी तारीख त्याच सूचनेत द्यावी. कुपनांच्या पैशांतून मंडपवाल्याची देणी भागवणे ही सर्वांत घातक चूक आहे, आणि ती सर्वांत जास्त वेळा होते.

चौथा प्रकार मंडळाने इतरांना दिलेल्या विसाराचा. मंडप, ध्वनियंत्रणा, रोषणाई, नाटक मंडळी आणि मूर्तिकार यांना आगाऊ रक्कम गेलेली असते. येथे १८७२चा भारतीय करार कायदा लागू होतो. करार केल्यानंतर ते काम करणे अशक्य किंवा बेकायदा झाले, तर तो करार कलम ५६ प्रमाणे संपतो. अशा संपलेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला, त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी, असे कलम ६५ सांगते. या विषयावरचा गाजलेला इंग्रजी खटलाही आजारपणामुळे थांबलेल्या सोहळ्याचाच आहे. जून १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाचा राज्याभिषेक त्याच्या आजारामुळे पुढे ढकलला गेला. मिरवणूक पाहण्यासाठी लंडनमध्ये हेन्री नावाच्या गृहस्थाने क्रेल यांच्या खोल्या ७५ पौंडांना ठरवल्या होत्या आणि २५ पौंड आगाऊ दिले होते. उरलेले ५० पौंड देण्याची गरज नाही, असा निकाल १९०३ मध्ये लागला. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात आधी दिलेले पैसे मात्र सहसा जागेवरच राहत. भारतीय कायद्याचे कलम ६५ या बाबतीत अधिक उदार आहे.

यातली मेख ‘अशक्य किंवा बेकायदा’ या शब्दांत आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी गर्दीस मनाई करणारा आदेश काढला असेल, तर अकरा दिवसांचा मंडप आणि नाटक खरोखर अशक्य झाले. पण तसा कोणताही आदेश नसताना समितीने केवळ खबरदारी म्हणून उत्सव आखडता घेतला, तर करार अशक्य झाला असे म्हणणे कठीण जाते आणि मंडपवाला लेखी अटींवर बोट ठेवू शकतो. खबरदारीचा निर्णय चुकीचा असतो असे नव्हे. कित्येकदा तोच शहाणपणाचा असतो. मात्र त्याची किंमत मंडळाला मोजावी लागते आणि ती वर्गणीदारांना सांगावी लागते. म्हणूनच सूचनेत आदेश असेल तर त्याचा क्रमांक व तारीख द्यावी आणि नसेल तर ‘समितीच्या निर्णयानुसार’ असे स्पष्ट लिहावे. नसलेल्या आदेशाच्या आडोशाला जाणे फार दिवस टिकत नाही.

एक हिशेब, आकड्यांसह

तालुक्याच्या गावातील एखादे मंडळ उदाहरणादाखल घेऊ. उत्सव अकरा दिवसांचा आहे. श्रावण अमावास्येला, म्हणजे चतुर्थीच्या चार दिवस आधी, साथीमुळे गर्दीस मनाई करणारा आदेश आला आणि समितीने उत्सव दीड दिवसावर आणला. ३१० घरांनी प्रत्येकी १,००० रुपये दिल्याने ३,१०,००० रुपये जमले होते. आश्रयदात्यांचे १,२०,००० रुपये, स्मरणिकेच्या जाहिरातींचे ९०,००० रुपये आणि कुपनांचे २,००,००० रुपये होते.

पहिली पायरी कुपने आणि जाहिराती बाजूला काढण्याची. कुपनांचे दोन लाख सोडतीसाठी राखीव राहतील. स्मरणिका छापखान्यात गेलेलीच नाही, तेव्हा नव्वद हजार जाहिरातदारांना पूर्ण परत जातील. उरले वर्गणी आणि देणग्यांचे ४,३०,००० रुपये. परताव्याचा हिशेब फक्त यांचाच.

आता खर्च. मूर्ती ठरल्याप्रमाणे आली, तिचे ४५,००० रुपये. मंडपवाल्याला ६०,००० रुपये विसार दिला होता. त्याने अर्धा सांगाडा उभा केला होता, म्हणून वाटाघाटीनंतर ४०,००० त्याच्याकडे राहिले आणि २०,००० परत आले. ध्वनियंत्रणावाल्याने सामान बाहेरच काढले नव्हते, त्याने विसार पूर्ण परत केला. नाटक मंडळीला दिलेले २५,००० रुपये परत आले नाहीत, पण पुढील वर्षी त्याच रकमेत प्रयोग करण्याचे त्यांनी लिहून दिले. पावत्या व निमंत्रणांच्या छपाईचे १८,००० आणि दीड दिवसाची पूजा, आरास व प्रसाद यांचे ४४,००० धरले, तर एकूण खर्च १,७२,००० रुपये होतो. जमा रकमेच्या हा नेमका ४० टक्के आहे. म्हणजे हजार रुपयांमागे ६०० रुपये परत देता येतात.

नाटकाचे पंचवीस हजार खर्चात धरावेत का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. ते खर्चात धरले, तर यंदाचे वर्गणीदार पुढच्या वर्षीच्या नाटकाचे पैसे देतात. न धरता मंडळाच्या जुन्या शिलकीतून भागवले, तर यंदाचा परतावा हजारी सुमारे ६५८ रुपयांपर्यंत जातो. शिल्लक असलेल्या मंडळाने दुसरा मार्ग घेणे अधिक न्याय्य. ज्याच्याकडे शिल्लक नाही, त्याने पहिला मार्ग घ्यावा, पण सूचनेत ती बाब उघड लिहावी. लपवलेले पंचवीस हजार पुढच्या सभेत पाव तासात बाहेर येतात.

परताव्यासाठी वर्गणीदारापुढे दोन पर्याय ठेवणे व्यवहार्य असते. रक्कम परत घ्यावी किंवा पुढील वर्षाच्या वर्गणीत जमा करावी. आपल्या उदाहरणात १९० घरांनी दुसरा पर्याय निवडला, ८५ घरांनी ५१,००० रुपये परत घेतले आणि ३५ घरांकडून काहीच कळले नाही, असे समजू. त्या ३५ घरांचे २१,००० रुपये हा नेहमीच नाजूक भाग असतो. गप्प राहणे ही संमती नव्हे. मुदतीनंतर त्या रकमेचे काय होईल, हे मूळ सूचनेतच सांगितलेले असेल तरच मंडळाला ती वापरता येते. सर्वांत निर्धोक तरतूद म्हणजे मुदत संपल्यावर ती रक्कम त्याच घराच्या नावावर पुढील वर्षासाठी जमा धरणे. ती ‘सामाजिक कार्यासाठी’ वळवायची असेल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. रक्तदान शिबिर किंवा पूरग्रस्तांना मदत कितीही चांगली असली, तरी ती दुसऱ्याच्या पैशांतून न विचारता करता येत नाही.

प्रत्यक्ष परतावा देताना मूळ पावती पाहावी, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर ‘इतके रुपये परत मिळाले’ असे लिहून सही घ्यावी आणि स्वतंत्र व्हाउचर करावे. ज्याने बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे पाठवले, त्याला त्याच खात्यावर परत करावेत, रोखीने देऊ नयेत. पावती हरवली असेल, तर स्थळप्रतीवरील नाव पुरेसे मानावे. आयकराच्या ८०-जी सवलतीची पावती दिली असेल, तर परत केलेल्या रकमेवर दात्याला सवलत घेता येत नाही, म्हणून प्राप्तिकर खात्याकडे जाणाऱ्या देणग्यांच्या विवरणातही तशी दुरुस्ती करावी लागते. आणखी एक सावधगिरी अलीकडच्या काळातली आहे. परताव्याची बातमी पसरली, की मंडळाच्या नावाने दुवे आणि क्यूआर कोड फिरू लागतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य सूचनेत असलेले बरे.

वरील उदाहरणावरून सूचनेचा मसुदा पुढीलप्रमाणे होईल.

‘सूचना. मंडळाच्या सर्व वर्गणीदारांस, आश्रयदात्यांस व भाविकांस कळविण्यात येते की, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश क्रमांक …, दिनांक … यास अनुसरून व कार्यकारी समितीच्या दिनांक … च्या ठरावानुसार यंदाचा अकरा दिवसांचा गणेशोत्सव दीड दिवसाचा करण्यात येत आहे. प्रतिष्ठापना, पूजा, आरती व विसर्जन हे विधी मोजक्या कार्यकर्त्यांच्या उपस्थितीत होतील. नाटक, भजन स्पर्धा, महाप्रसाद व मिरवणूक होणार नाही. देणगी कुपनांची सोडत जाहीर केलेल्या दिवशीच होईल. स्मरणिका प्रसिद्ध होणार नसल्याने जाहिरातींची रक्कम पूर्ण परत केली जाईल. वर्गणी व देणगीपैकी झालेला खर्च वजा जाता दर हजार रुपयांस सहाशे रुपये परत देय आहेत. खर्चात पुढील वर्षीच्या नाटकासाठी दिलेले पंचवीस हजार रुपये धरलेले आहेत. सविस्तर हिशेब मंडळाच्या फलकावर लावला आहे. ही रक्कम दिनांक … पर्यंत कार्यालयात सायंकाळी सहा ते आठ या वेळेत मूळ पावती दाखवून स्वीकारावी किंवा पुढील वर्षाच्या वर्गणीत जमा करण्यास लेखी कळवावे. मुदतीत न कळविल्यास ती रक्कम संबंधितांच्या नावे पुढील वर्षासाठी जमा धरली जाईल. परताव्यासाठी कोणताही दुवा किंवा क्यूआर कोड पाठविलेला नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार.’

या मसुद्यात खेद, श्रद्धा, आवाहन यांवर एकही वाक्य नाही. तशी दोन वाक्ये घालण्यास हरकत नाही, पण त्यांनी तारीख आणि आकडे यांची जागा घेऊ नये. खजिनदाराची सहीही अनेकदा राहून जाते. पैशांच्या सूचनेवर ती हवीच.

पुढच्या वर्षाचे काय?

भविष्यातील नियोजनाबाबत सूचना जितके कमी बोलेल तितके चांगले. ‘पुढील वर्षी दुप्पट उत्साहात’ अशी हमी देणाऱ्या मंडळांना पुढच्या वर्षीही साथ गाठू शकते. २०२० नंतर २०२१ मध्ये तसेच झाले. सांगता येण्याजोगी गोष्ट म्हणजे कोणत्या रकमा पुढे नेल्या आहेत आणि त्यांचा हिशेब कोणत्या सभेत मांडला जाईल. उत्सव माघ शुद्ध चतुर्थीला घ्यायचा असेल, तर मूर्तीचा निर्णय आधीच करावा लागतो. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीचे विसर्जन ठरल्या वेळी करणेच भाग असते. प्रतिष्ठापना झालीच नसेल, तर मूर्ती चित्रशाळेत ठेवता येते, पण चिकणमातीच्या मोठ्या मूर्तीला पाच महिन्यांत भेगा पडू शकतात आणि त्या डागडुजीचा खर्च कोणी करायचा, हे मूर्तिकाराशी आधी लेखी ठरवून घ्यावे.

करारपत्रांत मात्र बदल लगेच करता येतो. मंडप, ध्वनी आणि नाटक यांच्या पुढील वर्षीच्या करारांत ‘सरकारी आदेशाने किंवा पुरामुळे उत्सव थांबल्यास, काम सुरू होण्यापूर्वी पूर्ण विसार परत, काम सुरू झाल्यानंतर झालेल्या कामापुरती वजावट’ असे एक कलम घालावे आणि समितीने स्वतःहून उत्सव थांबवल्यास किती रक्कम द्यावी लागेल, हे वेगळे लिहावे. पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूलाही उत्सव न झाल्यास वर्गणीचे काय होईल, याची एक ओळ छापता येते. पावती फाडतानाच ती वाचली जात असल्याने सूचना काढण्याची वेळ आली, तर समितीला नव्याने काही ठरवावे लागत नाही.